मायेतली चिंधी

मावशीच्या भजनी मंडळात या वर्षी पाच नव्या बायका आल्या. जुन्या सतरा जणींकडे एकसारख्या क्रीम रंगाच्या साड्या आणि मरून ब्लाउज आहेत. साड्यांचं जमलं, कारण त्याच साड्या अजून बाजारात मिळतात. अडलं ते ब्लाउजपाशी. चार वर्षांपूर्वी ज्या मॅचिंग सेंटरमधून कापड घेतलं होतं ते दुकान बंद झालं, आणि तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मावशी दुसऱ्या दुकानात गेली, ‘टू बाय टू द्या, मरून’ म्हणाली, पाच मीटर घेऊन आली. एक ब्लाउज शिवून झाला, एकदा धुतला, आणि नव्या सभासद बाईंनी तो घालून तासभर भजन म्हटलं. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, “यात घाम मुरत नाही हो, ओघळतो.” शेजारी बसलेल्या बाईंचा जुना ब्लाउज मात्र नेहमीसारखा होता.

“अरे, तू कापडातला ना?” म्हणून मावशीने दोन्ही ब्लाउज माझ्यापुढे टाकले. मी गिरणीच्या तपासणी खात्यात बरीच वर्षं काढली आहेत. माझ्या अनुभवाने सांगतो, दुकानात कापडाचं नाव घेऊन मागणं ही निम्मी चूक असते. ‘टू बाय टू’ किंवा ‘रुबिया’ ऐकलं की आपल्याला वाटतं, सुती, मऊ, ब्लाउजचं कापड. प्रत्यक्षात ‘टू बाय टू’ याचा अर्थ फक्त एवढाच, की उभा धागा दोन पदरी आणि आडवाही दोन पदरी. तो पदर कापसाचा की पॉलिएस्टरचा, हे त्या नावात कुठेच सांगितलेलं नाही. म्हणजे दुसऱ्या दुकानदाराने मावशीला फसवलं नव्हतं. तिने जे मागितलं तेच त्याने दिलं होतं.

तेव्हा पहिलं काम नमुना मिळवायचं. जुना ब्लाउज कापायला कोणी देणार नाही, पण कापायची गरजही नसते. ब्लाउजच्या आत, बाजूच्या शिवणीला शिंपी माया सोडतो, पुढे अंग सुटलं तर उसवता यावं म्हणून. आपल्याकडे या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात, आणि तपासणाऱ्यासाठीही ती मायाच असते, कारण तिथलं कापड उन्हाने विटलेलं नसतं आणि घासलेलंही नसतं. मी एका बाजूच्या मायेतून अडीच सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब पट्टी काढली. उभ्या धाग्याच्या दिशेने, अगदी धाग्याला धरून. कडेचे दोन-चार धागे ओढून काढले की सरळ रेषा आपोआप दिसते, तिच्यावरून कात्री चालवायची. याशिवाय एक लहानसा तुकडा जाळण्या-भिजवण्यासाठी वेगळा घेतला. दोन्ही आधी कोमट पाण्यात धुऊन वाळवले, कारण कापडाला खळ असेल तर वजन फसवं येतं आणि जळताना वासही फसवा येतो.

जाळण्याची परीक्षा बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, पण करतात ती चुकीची. अख्खा तुकडा मेणबत्तीवर धरतात, भक्कन पेटतो, आणि घाबरून पाण्यात टाकतात. करायचं असं: मोरीजवळ बसायचं, स्टीलचं ताट घ्यायचं, तुकड्यातून उभे पाच-सहा धागे काढून त्यांचा एक पीळ करायचा, आडव्या धाग्यांचा दुसरा. चिमट्यात धरून ज्योतीच्या कडेने हळूहळू न्यायचा. पीळ ज्योतीजवळ येताना काय करतो, ज्योतीत कसा जळतो आणि बाहेर काढल्यावर काय उरतं, या तीन गोष्टी पाहायच्या. उभा आणि आडवा वेगळा जाळायचा, कारण उभं सूत कापसाचं आणि आडवं पॉलिएस्टरचं असलेलं कापडही बाजारात भरपूर आहे. एकत्र जाळलं तर त्याचा पत्ता लागत नाही.

जुन्या ब्लाउजचे दोन्ही पीळ ज्योतीपासून मागे सरले नाहीत. लगेच पेटले, पिवळ्या ज्योतीने जळले, बाहेर काढल्यावर टोकाशी क्षणभर निखारा धुगधुगत राहिला. वास जळक्या कागदाचा. राख करडी, बोटात धरली तर भुकटी. नव्या ब्लाउजचा पीळ ज्योतीला शिवायच्या आधीच आकसला, मग काळसर धूर सोडत जळला, आणि टोकाला काळा गठ्ठा राहिला. तो नखाने दाबला तर थोडा चुरला आणि आत कडक खडा लागला. निव्वळ पॉलिएस्टर असतं तर सगळाच कडक मणी झाला असता, निव्वळ कापूस असता तर काहीच उरलं नसतं. हे मिश्रण होतं. किती टक्के, ते जाळून कळत नाही. जो सांगतो की वासावरून मी पासष्ट टक्के ओळखतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. टक्केवारी हवी असेल तर प्रयोगशाळा गाठावी लागते. मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे, प्रभादेवीला वस्त्र समितीची प्रयोगशाळा आहे. तिथे तुकडा ७५ टक्के तीव्रतेच्या सल्फ्युरिक आम्लात ठेवतात. कापूस विरघळून जातो, पॉलिएस्टर मागे राहतं, आणि ते वाळवून तोलतात. हा उद्योग घरी करू नये. पाच ब्लाउजांसाठी त्याची गरजही नव्हती.

पण इथेच थांबलं तर एक फसगत राहते. कागदासारखा जळतो म्हणजे कापूस, असं नाही. रेयॉनही तसंच जळतं, कारण रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेला धागा, मुळात झाडाचाच. कुर्त्यांच्या कापडात तर ही गल्लत रोज होते. ‘कॉटन’ म्हणून घेतलेलं कापड झुळझुळीत पडतं, दोन धुण्यांत आखडतं, आणि ते रेयॉन निघतं. दोघांना वेगळं करायला ज्योत नको, पाणी लागतं. एक लांबसा धागा घ्या, त्याच्या मधोमध ओल्या बोटाने एक थेंब लावा, पाचेक सेकंद मुरू द्या आणि दोन्ही टोकं धरून सावकाश ताणा. रेयॉन ओलं झालं की जवळजवळ निम्मी ताकद गमावतं, त्यामुळे धागा नेमका ओल्या जागी तुटतो. कापूस उलटा आहे, तो ओला झाल्यावर थोडा अधिक बळकट होतो, म्हणून धागा कोरड्या भागात कुठेतरी तुटतो. पाच धाग्यांवर करून पाहावं, एकावर भरवसा ठेवू नये. जुन्या ब्लाउजचे पाचही धागे कोरड्या जागी तुटले. कापूस पक्का झाला.

आता पदर. तीन सेंटिमीटरचा धागा पांढऱ्या कागदावर दोन्ही हातांच्या नखांत धरला आणि पिळाच्या उलट दिशेने फिरवत गेलो. एकपदरी धागा असता तर पीळ सुटल्यावर नुसता पिंजला गेला असता, कापसासारखा. हा मध्येच उमलला आणि दोन बारीक धागे वेगळे झाले. आडव्याचंही तेच. म्हणजे जुनं कापड खरोखरच टू बाय टू होतं. गंमत अशी, की नव्या ब्लाउजचे धागेही तसेच दोन पदरी निघाले.

मावशीला वाटलं, झालं काम. “सुती टू बाय टू, एवढंच सांगायचं ना?” एवढंच सांगितलं तर दुकानदार चार प्रकारचं सुती टू बाय टू पुढे टाकेल, एक विरळ, एक दाट, एक जाडसर. हाताला आठवतं असं वाटतं, पण हाताची आठवण दुकानातल्या पंख्याखाली आणि स्टार्च केलेल्या नव्या कापडावर टिकत नाही. घाऊक बाजारात कापडाची ओळख आकड्यांनी होते: एका इंचात उभे धागे किती, आडवे किती, आणि सूत किती नंबरचं. हे तीन आकडे हातात असले तर नाव काय सांगायचं ते व्यापारी सांगेल.

धागे मोजायला आमच्याकडे घडीची छोटी भिंगं असायची, खाली बरोबर एक इंचाचा चौकोन. ती नसेल तर पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यात एक इंचाची खिडकी कापा, कापडावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलने फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून सुईच्या टोकाने मोजा. डोळे दमतात, म्हणून अर्धा इंच मोजून दुप्पट केलं तरी चालतं, पण तीन ठिकाणी मोजावं. माझ्या पट्टीत उभे ७६ आले, आडवे ६८. उभा कुठला हे पट्टीला किनार नसताना कसं ठरवायचं? बहुतेक साध्या विणीत उभे धागे संख्येने जास्त असतात, आणि त्या दिशेने ताणलं तर कापड कमी ताणलं जातं. शिवाय शिंप्याने ब्लाउज कापताना उभा धागा अंगाच्या उंचीकडे ठेवलेला असतो.

सुताचा नंबर काढायला सोनाराकडे गेलो. मिलिग्रॅम दाखवणारा काटा घरात नसतो, सोनाराकडे असतो. आमचे सोनारकाका ओळखीचे, पण कापडाची चिंधी काचेच्या पेटीत ठेवताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आधी अख्खी पट्टी तोलली. अडीच गुणिले दहा, म्हणजे २५ चौरस सेंटिमीटर, वजन १७५ मिलिग्रॅम. एक चौरस मीटरमध्ये अशा ४०० पट्ट्या बसतात, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम. मग तिथेच पट्टीतून तीस उभे धागे ओढून काढले, प्रत्येकी दहा सेंटिमीटर, एकूण तीन मीटर सूत. वजन ३५ मिलिग्रॅम.

सुताचा नंबर, ज्याला बाजारात काउंट म्हणतात, हा जुना इंग्रजी हिशेब आहे. एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लडी निघतील तितका नंबर. म्हणून नंबर मोठा म्हणजे सूत बारीक. पौंड-यार्डांच्या भानगडीत न पडता सोपं गणित असं: मीटरमधली लांबी गुणिले ५९०, भागिले मिलिग्रॅममधलं वजन. तीन गुणिले ५९०, भागिले ३५, उत्तर ५० आणि थोडं वर. हा दोन पदर मिळून झालेल्या धाग्याचा नंबर. एक पदर त्याच्या निम्म्या जाडीचा, म्हणजे नंबर दुप्पट, शंभर. व्यापाऱ्याच्या भाषेत ‘दोन-शंभर’.

इथे दोन ठिकाणी चूक होऊ शकते. विणीतून काढलेला धागा नागमोडी असतो, सरळ ताणला तर दहाचा साडेदहा सेंटिमीटर भरतो. त्यामुळे खरा नंबर पन्नास नसून बावन्न-त्रेपन्न असू शकतो. पण सूत बाजारात ऐंशी, शंभर, एकशे वीस अशा ठरलेल्या नंबरांनी मिळतं, मधले आकडे नसतात, म्हणून जवळचा शंभर धरायला हरकत नाही. दुसरी चूक जास्त महत्त्वाची. जुनं कापड चार वर्षं धुतलं गेलं आहे, आखडलं आहे, म्हणून इंचातले धागे वाढलेले दिसतात. आज नव्या कापडात ७६ आणि ६८ शोधत बसलो तर मिळणार नाहीत, किंवा मिळाले तर ते धुतल्यावर आणखी दाट होतील. नव्या कापडात ७२-७३ आणि ६४-६५ असे थोडे कमी आकडे पाहायचे. आणि आकडे एकमेकांशी जुळतात का, हेही पाहून घ्यायचं. दोन्ही दिशांचे धागे आणि सुताचा नंबर यांवरून वजनाचा हिशेब केला तर ६७ ग्रॅम येतो, नागमोडीची भर घातली की सत्तरच्या आसपास. काट्याने सत्तरच दाखवले होते. जुळले नसते तर कुठेतरी मोजण्यात गफलत झाली असती.

एका कागदावर लिहिलं: सुती, दोन्हीकडे दोन पदरी, शंभर काउंट, नव्यात सुमारे ७२ बाय ६४, सत्तर ग्रॅमच्या आत. एक गोष्ट मात्र चिंधीतून कधीच कळत नाही, ती म्हणजे पन्हा. ते शिंप्याला विचारलं. त्याला आठवत होतं, छत्तीस इंची होता, कारण मोठ्या मापाच्या दोघींना मीटरभर कापड लागलं होतं.

आता दुकान. अशा कापडाचा प्रवास कळला तर कुणाला विचारायचं ते कळतं. कोरं कापड इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीसारख्या गावांतल्या मागांवर विणलं जातं. ब्लाउजच्या रुबिया-पॉपलिनचं बरंचसं रंगकाम राजस्थानात पाली-बालोतऱ्याकडे होतं. तिथून ताग्यांनी माल घाऊक व्यापाऱ्याकडे येतो, मुंबईत मुळजी जेठा मार्केट किंवा मंगलदास मार्केटकडे, पुण्यात रविवार पेठेत, आणि तिथून गल्लीतल्या मॅचिंग सेंटरकडे. मागवाल्याकडे जाऊन उपयोग नाही, त्याच्याकडे रंगच नसतो. रंगवणारा एक-दोन ताग्यांसाठी भट्टी लावत नाही. इंडियामार्टसारख्या व्यापारी स्थळांवर आकडे टाकून शोधलं की विक्रेते पटकन सापडतात, पण त्यांना शेकडो मीटरची मागणी हवी असते. पाच मीटर घेणाऱ्याची खरी जागा मॅचिंग सेंटर किंवा ताग्यातून कापून देणारा घाऊक दुकानदार. साठ ब्लाउज असते तर उत्तर वेगळं असतं.

दुकानदाराशी बोलायची पद्धतही असते. “मरून आहे का?” असं विचारलं तर तो मरून दाखवतो. मावशीने या वेळी आधी कापड ठरवलं, रंग नंतर. “प्युअर कॉटन टू बाय टू, शंभर काउंट, छत्तीस पन्हा, कुठल्या कंपनीचं ठेवता?” असं विचारल्यावर रविवार पेठेतल्या शेठनी गल्ल्यावरून मान वर केली. त्यांच्याकडे तीन प्रकार होते. एकाच्या किनारीवर शिक्का होता, ‘शंभर टक्के कॉटन’. शिक्क्यावर थांबू नये. ताग्याच्या टोकाचे चार धागे मागितले की दुकानदार देतात, त्यात त्यांचं काही जात नाही. ते दुकानात मुळीच जाळू नयेत, कापडबाजारात काडी ओढणाऱ्याला लोक हाकलून देतात आणि ते बरोबरच करतात. मावशी धागे पुडीत घालून बाहेर चहाच्या टपरीवर आली. एकाचा मणी झाला. दोघांची राख झाली. उरलेल्या दोघांतलं एक मोजल्यावर फारच विरळ निघालं, इंचात साठही धागे नव्हते. तिसरं जमलं.

रंगात सगळ्यात मोठी चूक व्हायची होती आणि ती माझ्याकडून. मी मावशीला मायेतली चिंधी दिली होती, तिच्याशी शेड कार्ड जुळवायला. शेड नंबर सापडला, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली तंतोतंत. रस्त्यावर उन्हात आणल्यावर चिंधी तांबूस आणि नवं कापड किंचित जांभळट दिसलं. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन मरून एका उजेडात एक दिसतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळे होतात, म्हणून रंग उन्हात, दुकानाच्या दिव्यात आणि शक्य असेल तर जिथे तो घालायचा तिथल्या दिव्यात पाहावा. मंडळाचं भजन देवळाच्या सभामंडपात, एलईडीखाली असतं. मावशीने मोबाइलवर बहिणीला विचारलं, मग मलाच विचारलं, “पण तू चिंधी आतली दिलीस ना? बाहेरचा ब्लाउज चार वर्षं विटलाय.” ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मायेतलं कापड सुताची ओळख अचूक देतं, पण रंग चार वर्षांपूर्वीचा देतं. नव्या पाच जणी त्या रंगात उभ्या राहिल्या असत्या तर रांगेत वेगळ्या दिसल्या असत्या. दुसऱ्या फेरीत मावशी स्वतः जुना ब्लाउज घालून गेली आणि शेड कार्डावर दोन नंबर फिकट रंग निवडला.

पाचही ब्लाउज एकाच ताग्यातून कापून घेतले, कारण त्याच शेड नंबरच्या दुसऱ्या ताग्यात रंगाचा लॉट बदललेला असू शकतो. कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवलं. मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर आखडलं, म्हणजे आमच्या अंदाजाइतकंच. उरलेल्या अर्ध्या मीटरचं काय करायचं, यावर मंडळात अजून चर्चा चालू आहे.

तुमच्याकडेही गणवेशासारखं काही शिवून होणार असेल, तर शिंप्याकडून हातभर चिंधी मागून घ्या. तिच्यावर दुकानाचं नाव, शेड नंबर, पन्हा आणि तारीख लिहून ती एखाद्या वहीत टाचून ठेवा. आणि ब्लाउजातली माया शिंप्याला कापू देऊ नका.